गुरुवारची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी रात्रभर बसले होते तरी त्यांनाही नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी खरेपणावर तास-तास ऐकवते, आणि ती बिचारी ऐकतात. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेसुद्धा एक भित्रेपणच झालं, नाही का?

तर — ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला नवीनच राहायला आलो होतो. दीड खोली, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. वडील तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर. महाडकडच्या आमच्या गावात मी पहिली बी.कॉम. झालेली मुलगी, आणि वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं की मी सी.ए. होणार. सी.ए. व्हायचं तर कुठल्यातरी ऑडिटरकडे काही वर्षं उमेदवारी करावी लागते. ती जागा ओळखीशिवाय मिळत नसे. आमची ओळख कुणाशी? फिटरशी आणि वेल्डरशी.

वडिलांच्या एका मित्राने शब्द टाकला आणि मला तळोज्याच्या एका रबर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये शिकाऊ म्हणून घेतलं. सहा महिने, पगार म्हणावा असा नाही, चहा आणि बसभाडं. जुलैत मी रुजू झाले. कंपनीचं वर्ष जूनअखेर संपे, म्हणजे मी आले ती बरोबर खाती बंद करायच्या धामधुमीत.

मला शिकवायचं काम खोतचाचांकडे आलं. अब्दुल्ला खोत, नावड्याचे, वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना चाचा म्हणत, शेठसुद्धा. कारखान्यातली सगळी यंत्रं, गाड्या, पंखे, खुर्च्या कधी घेतल्या, कितीला घेतल्या आणि आज त्यांची पुस्तकी किंमत काय उरली — ते रजिस्टर त्यांच्या ताब्यात. त्यांची बायको, सगळ्यांची चाची, जूनमध्ये वारली होती. मार्चपासून चार महिने ते रजा टाकून तिच्याजवळ होते, तिचं सगळं हाताने करत. मी आले तेव्हा ते नुकते कामावर परतले होते. कुणी काही विचारू नये म्हणून मान खाली घालून लिहीत बसायचे.

मला मात्र त्यांनी जीव लावून शिकवलं. घसारा म्हणजे काय, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. कळलं ते त्यांच्याकडून. यंत्र दरवर्षी झिजतं. जेवढं झिजलं तेवढी रक्कम त्याच्या किमतीतून उतरवायची आणि त्या वर्षीचा खर्च म्हणून धरायची. पुढच्या वर्षीची टक्केवारी लावायची ती मूळ किमतीवर नाही, उरलेल्या किमतीवर. आणि आमच्या कारखान्यात आणखी एक गंमत होती — पाळ्या. यंत्र एका पाळीत चाललं तर नेहमीचा घसारा. दोन पाळ्यांत चाललं तर त्याच्या निम्मा आणखी. तीन पाळ्यांत चाललं तर आणखी तेवढाच, म्हणजे दुप्पट. पण वर्षभराचा सरसकट नाही हं. जितके दिवस जादा पाळी खरोखर चालली, तितक्याच दिवसांच्या हिशेबात. म्हणून कारखाना किती दिवस किती पाळ्यांत चालला, हा आकडा लाखमोलाचा.

चाचांच्या दोन सवयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली — कुठलाही आकडा आधी पेन्सिलने. दुसऱ्या माणसाने मुळापासून तपासून 'बरोबर' म्हटल्याशिवाय त्यावर शाई चढवायची नाही. स्वतःच्या आकड्यावर स्वतः शाई चढवणारा माणूस त्यांना शर्टाची बटणं न लावता फिरणाऱ्यासारखा वाटे. दुसरी — एका खात्याचं पुस्तक दुसऱ्या खात्यात न्यायचं तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची. कुठलं पुस्तक, कुणी नेलं, तारीख, वार, वेळ, सही. पुस्तक परत केलं की आपली चिठ्ठी आपण मागून घ्यायची आणि आपल्याच हाताने फाडायची. मी या चिठ्ठ्यांवर हसायचे. रेशनच्या दुकानात तरी इतकं लिहून घेत नाहीत, असं एकदा त्यांना म्हणालेही. ते नुसते हसले.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. सोमवारी ऑडिटर यायचे होते. गुरुवारी सकाळी चाचांनी घसाऱ्याचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीत. प्रेस मशिनांची उरलेली किंमत दहा लाख, दर पंधरा टक्के, नेहमीचा घसारा दीड लाख. तीन पाळ्यांचे दिवस — कारखाना चालला तीनशे दिवस, तीन पाळ्या तीनशे दिवस — म्हणून जादा आणखी दीड लाख. हे तीनशे त्यांनी मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून जागा धरायला लिहिले होते, आणि तसं मला सांगितलंही.

"टाइम ऑफिसात जा बाय, हजेरीपुस्तक आन आनि दिस मोज," ते म्हणाले. "मी नवतो ते चार महिने नीट बग. माजं ध्यान नवतं कशात."

मी गेले, चिठ्ठी लिहिली, पुस्तक घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत मागच्या रेकॉर्डरूममध्ये एकटी बसून मोजायला लागले. हजेरीपुस्तकात प्रत्येक पाळीचं पान वेगळं होतं. फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक. मार्चपासून तिसऱ्या पाळीची पानं कोरी. वर टाइमकीपरच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ: 'वीजकपात, पाळी बंद.' पान उलटलं — बंद. पुढचं — बंद. जूनअखेरपर्यंत बंद. मी दोनदा मोजलं, टाइमकीपरना जाऊन विचारूनही आले. शंभर दिवस.

वीजकपातीचं चाचांच्या कानावर असेलही. पण बायको डोळ्यांदेखत जात असताना कारखान्याची तिसरी पाळी कोण लक्षात ठेवतं? ते परतले तोवर पाऊस पडून कपात उठली होती आणि तीनही भोंगे पुन्हा वाजत होते. ऑफिसातल्या इतरांना पाळी बंद होती हे माहीत होतं, पण त्याचा घसाऱ्याशी काही संबंध आहे, हे कुणाच्या गावी नव्हतं.

मी कागदावर मांडलं. तीन पाळ्या दोनशेच दिवस, म्हणजे जादा घसारा दीड लाखाचे दोन तृतीयांश — एक लाख. उरलेले शंभर दिवस दोन पाळ्या. त्यांचा पूर्ण वर्षाचा जादा पंच्याहत्तर हजार, त्याचा एक तृतीयांश — पंचवीस हजार. एकूण सव्वा लाख. तक्त्यात दीड लाख. पंचवीस हजारांनी घसारा जास्त, म्हणजे नफा तेवढाच कमी दिसणार.

उपाय? खोडरबर. तेवढाच. उठायचं, चार पावलं चालायचं, 'चाचा, शंभर दिवस तिसरी पाळी बंद होती' म्हणायचं. त्यांनी पेन्सिलचे आकडे खोडले असते, नवे लिहिले असते, मला एक चहा पाजला असता. चूक म्हणावी असं काही नव्हतंच तोपर्यंत. तपासायला दिलेला आकडा तपासून बदलणं, याला चूक म्हणतात का?

मी उठले नाही. का उठले नाही — इथेच मला अडखळायला होतं. जुलैअखेर ऑडिटर, साठेसाहेब, एकदा चक्कर टाकून गेले होते. मी धीर करून उमेदवारीचं विचारलं, तर म्हणाले, "एक जागा आहे. हुशार दिसलीस तर बघू." हुशार दिसलीस तर! तेव्हापासून मी झोपेतही हुशार दिसायची संधी शोधत होते. आणि आता माझ्या मांडीवर पंचवीस हजारांची संधी पडली होती. आज सांगितलं तर ती खोडरबराने पुसली जाणार. सोमवारी, साठेसाहेबांसमोर सांगितली तर?

गुरुवारी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. शुक्रवारी चाचांनी दोनदा विचारलं, झालं का मोजून. मी म्हटलं, चाललंय. हजेरीपुस्तक माझ्या खणात होतं, मी खणाला कुलूप लावलं होतं. शिकाऊ मुलीला कुलूप कशाला लागतं, असं कुणी विचारेल म्हणून दिवसभर किल्ली मुठीत धरून होते. कुणी विचारलं नाही.

शनिवारी अकरा वाजता चाचा तक्ता घेऊन माझ्या टेबलाशी आले. हातात शाईचं पेन, टोपण काढलेलं.

"दिस बरोबर हायत ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं, त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. "हो चाचा. बरोबर आहेत."

त्यांनी उभ्या-उभ्या तीनशेवर शाई चढवली. मग दीड लाखावर. मग बेरजेवर. मी बघत होते. प्रत्येक आकड्याला वाटत होतं, आता बोलावं, अजून वेळ आहे. शाई वाळेपर्यंतसुद्धा वेळ होता. त्यानंतर सगळं गाडीसारखं उताराला लागलं. रोजकीर्दीत नोंद झाली — घसारा खाते नावे, यंत्रसामग्री खाते जमा. खतावणीच्या बेरजा बदलल्या, तेरीज, म्हणजे नावे-जमेची गोळाबेरीज, जुळली, टायपिस्टने ताळेबंद टाइप केला, चाचांनी तक्त्याखाली सही केली. संध्याकाळी शेठनी युनियनच्या लोकांना बोलावून नफ्याचा आकडा सांगितला, कारण बोनसची बोलणी त्यावर अडली होती.

त्या आठवड्याच्या गडबडीत चाचा मला म्हणाले होते, की महिनाअखेरीस त्यांची मुदत संपते, पण शेठनी दोन वर्षं वाढवायचं कबूल केलंय. ऑडिट पार पडलं की पत्र मिळेल. "घरी बसून काय करू? तुजी चाची नाय आता. हितं निदान आकडे बोलतात माज्याशी." हे त्यांनी मला शाई चढवण्याच्या आधी सांगितलं होतं की नंतर? आधी. मी खूप वर्षं 'नंतर' असं आठवायचा प्रयत्न केला. आधीच सांगितलं होतं.

सोमवारी साठेसाहेब आले. घसाऱ्याचा तक्ता त्यांनी घेतला, टक्केवारी ताडली, गुणाकार ताडले, सगळ्याला हिरवी टिक केली. ते दिवस मोजणार नव्हते, पान उलटायला आले होते. तेव्हा मी बोलले. आवाज किती गरीब काढला होता मी! "सर, मी एकदा पाळ्यांचे दिवस हजेरीपुस्तकावरून मोजून बघू का? शिकायला मिळेल." ते खूश झाले. मी खणातून पुस्तक काढलं आणि त्यांच्यासमोर बसून मोजायला लागले. उत्तर माहीत असलेलं गणित मी सावकाश, बोट फिरवत, अर्धा तास सोडवलं. मार्चच्या पानाशी थांबून कपाळावर आठीसुद्धा घातली. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं.

"सर, इथे तिसरी पाळी बंद दिसतेय."

पुढचं फार लवकर घडलं. साठेसाहेबांचा चेहरा कडक झाला. चाचांना बोलावलं, पाठोपाठ शेठ आले. घसारा फुगवला की नफा घटतो. नफा घटला की कर घटतो, बोनसही घटतो. ही चूक आहे की चलाखी? — असं साठेसाहेबांनी शेठना सरळ विचारलं. शेठ लाल झाले. मग साठेसाहेब चाचांकडे वळले. "दिवस कुणी तपासले होते?"

खोलीत आम्ही चौघं होतो. चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. पोरीच्या हातून मोजताना चुकलं असेल आणि आता तिनेच प्रामाणिकपणे शोधून काढलं, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांच्या नजरेत चक्क कौतुक होतं. त्यांना एवढंच म्हणता आलं असतं की मी हिला तपासायला दिलं होतं. खरं होतं ते. नियमाला धरून होतं.

"माजंच चुकलं सायेब," ते म्हणाले. "मागल्या सालचे दिस राहिले."

तिथे तोंड उघडायला काय लागलं असतं? दोन शब्द. मी वहीत खाली बघत राहिले आणि समासाची रेघ पुन्हा-पुन्हा गिरवली.

नोंद फिरवली, ताळेबंद पुन्हा टाइप झाला, नफा पंचवीस हजारांनी वाढला. पण शनिवारचा आकडा युनियनकडे गेलेला होता. दुसऱ्या दिवशी गेटवर घोषणा — घसारा फुगवून आमचा बोनस खाल्ला! शेठना आपली कातडी वाचवायला कुणीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी गेटवर उभं राहून सांगितलं, म्हाताऱ्या कारकुनाची चूक आहे, त्याला आम्ही ठेवत नाही. मुदतवाढीचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं, असं टायपिस्ट मला म्हणाली. तिने ते फाडून पाठकोऱ्या कागदात टाकलं.

त्याच आठवड्यात साठेसाहेबांनी मला जागा दिली. वडिलांनी पेढे वाटले. पहिला पेढा खोतचाचांना दे म्हणाले, ज्यांनी शिकवलं त्यांना. मी दिला. त्यांनी खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "नजर हाय पोरीला."

महिन्याचा शेवटचा दिवस. चाचा सगळ्यांची पुस्तकं ज्याच्या त्याला परत करत फिरत होते. हजेरीपुस्तक ऑडिटमुळे आमच्याकडेच राहिलं होतं. तेही तेच टाइम ऑफिसात देऊन आले. मी माझ्या जागेवर बसले होते. ते आले, माझ्यासमोर एक छोटा कागद ठेवला आणि उभे राहिले.

माझी चिठ्ठी. पुस्तकाच्या जागी ठेवलेली, पुस्तक चाचांनी परत केलं म्हणून त्यांच्या हाती आलेली. हजेरीपुस्तक, माझं नाव, तारीख, गुरुवार, सकाळी साडेअकरा. मागच्या बाजूला — जेवणाच्या सुट्टीत टाइमकीपरकडून एक गोष्ट विचारून घ्यायला गेले होते, तेव्हा हाताशी तोच कागद होता म्हणून — माझ्याच अक्षरात: 'तिसरी पाळी बंद — १०० दिवस. गुरुवारी दुपारी टाइमकीपरना विचारून खात्री केली.' आणि मी ती परत तिथेच, पुस्तकाच्या जागी ठेवून आले होते. हुशार मुलगी!

त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठला कागद हातावेगळा केला नाही. मी वर बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते कौतुक नव्हतं. रागही नव्हता. चार महिन्यांच्या रजेवरून परतले तेव्हा होता तसा चेहरा होता.

"तुजी हाय," ते म्हणाले. "ज्याची त्यानं फाडायची."

मी चिठ्ठी हातात घेतली. ते थांबले होते. मी बोलेन म्हणून थांबले असतील, की नियम म्हणून फाडलेली बघायला? मला आजही ठाऊक नाही. मी म्हणाले, "विसरलेच होते मी." एवढंच म्हणाले. ते डबा आणि छत्री उचलून नावड्याच्या बसला गेले. शेठकडे गेले नाहीत, साठेसाहेबांकडे गेले नाहीत. जाऊ शकत होते. पुरावा त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी मला आणून दिला.

नावडं तिथून बसने किती लांब? वीस मिनिटं. मी उमेदवारीच्या काळात कितीदा तळोज्याला गेले, एकदाही उतरले नाही. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. तेव्हाही गेले नाही.

आज माझ्या नावाची पाटी वाशीत आहे. ऑफिसात नियम आहे, आकडा आधी पेन्सिलने. मुलं तपासून 'बरोबर आहे मॅडम' म्हणतात, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे बघते, आणि सरळ माझ्याकडे बघणाऱ्यावर माझा जास्त संशय असतो.

चिठ्ठी मी फाडली नाही. टेबलाच्या खणात आहे, कुलपात. शाई फिकी झालीये, पण वार अजून वाचता येतो, आणि खालची सही माझी आहे.